‘जणू’ दिसलं म्हणून उत्प्रेक्षा? एका किरणोत्सवावरून तीन अलंकार

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी संपून फेब्रुवारी लागताना कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरतं, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यापर्यंत जातं. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांशी पोहोचतं आणि पुढच्या दिवसांत वर चढत चेहऱ्यापर्यंत जातं. ‘सूर्याचे किरण देवीच्या चरणांवर पडले’ या वाक्यात अलंकार नाही, कारण जे घडलं तेवढंच ते सांगतं. आता हीच गोष्ट तीन प्रकारे म्हणून बघू.

‘दिवसभर चालून दमलेल्या वारकऱ्यासारखा सूर्य देवीच्या पायाशी टेकला.’
‘सूर्य जणू देवीचा निरोप घ्यायलाच गाभाऱ्यात आला.’
‘निरोप घेताना मित्र देवीच्या चरणी कर ठेवतो.’

पहिली उपमा, दुसरी उत्प्रेक्षा, तिसरा श्लेष. घटना एकच असली तरी वाचकाच्या मनात तिन्ही वेळा वेगळं काहीतरी घडतं. नेमकं काय घडलं हे सांगता आलं, तर अलंकाराचं नाव मागोमाग येतंच. उलट आधी नाव ठरवून मग कारण शोधायला गेलं की गाडी चुकते. ‘सारखा, जसा, परी’ दिसलं की उपमा आणि ‘जणू, गमे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा ही पाठ केलेली यादी सोप्या वाक्यांत पुरते, पण जुन्या कवितेत ती हमखास फसवते. ती का फसवते, तेच इथे सविस्तर पाहू.

आधी उपमा. तिचे चार भाग असतात: ज्याचं वर्णन करायचं ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला गुण किंवा क्रिया म्हणजे साधारण धर्म, आणि ‘सारखा’, ‘जैसा’ असा वाचक शब्द. वरच्या वाक्यात सूर्य उपमेय, वारकरी उपमान, पायाशी टेकणं हा धर्म आणि ‘सारखा’ हा वाचक शब्द. चारही हजर असले की पूर्णोपमा, एखादा गळाला तर लुप्तोपमा. इथपर्यंत शाळेत होतं. पुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: कवीने नेमकं हेच उपमान का घेतलं? उपमेची खरी परीक्षा तिथे होते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातल्या या ओव्या पाहा:

जैसे शारदियेचे चंद्रकळे । माजि अमृतकण कोंवळे ।
ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगें ॥
तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा ।
अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥

चकोर चांदणं पिऊन राहतो हा कवींचा जुना संकेत. शरदातल्या चंद्राच्या किरणांतले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं मऊ मनाने वेचतात, तशी श्रोत्यांनी ही कथा अनुभवावी. भाग सुटे करून पाहिले तर श्रोता उपमेय आणि चकोराचं पिल्लू उपमान. कथेसाठी अमृतकण आलेत. हळुवारपणे घेणं हा साधारण धर्म, आणि ‘जैसे… तियापरी’ ही वाचक जोडी. इथे एका शब्दाशी एक शब्द असा मेळ नाही, अख्ख्या वाक्याची अख्ख्या वाक्याशी तुलना आहे. म्हणून उपमेय म्हणून एकच शब्द लिहायला गेलं तर उत्तर अर्धं राहतं.

आता ‘तलगें’ या शब्दापाशी थोडं थांबू. तलग म्हणजे पिल्लू. मोठा चकोर घेतला असता तरी तुलना जमलीच असती. पण पिल्लाची चोच इवलीशी, ते एका वेळी एकच कण उचलणार. कणही ‘कोंवळे’, जोरात टोचलं तर फुटतील. ‘हळू वाचा, घाई करू नका’ असा उपदेश ओवीत कुठेच नाही, आणि तरी तो पोहोचतो. उपमा जे देते ते हे. न पाहिलेली गोष्ट ती पाहिलेल्या गोष्टीजवळ ठेवते, आणि त्या पाहिलेल्या गोष्टीचे बारकावे आपोआप इकडे उतरतात. दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्याच राहतात. श्रोता श्रोताच असतो, पिल्लू पिल्लूच.

उत्प्रेक्षेचं तसं नसतं. ती तुलना करत नाही, कल्पना करते. ‘सूर्य जणू निरोप घ्यायलाच आला’ या वाक्यात सूर्य कुणासारखा आहे हे सांगितलेलं नाही. किरण पडण्यामागे एक हेतू आहे असं कवी मानून चालतो. तसं मानतोय हे तो लपवत नाही, ‘जणू’ म्हणून स्वतःच कबूल करतो. ‘जणू’ काढून ‘सूर्य म्हणजे देवीचा भक्तच’ असं ठामपणे म्हटलं की ते रूपकाकडे जातं. उत्प्रेक्षा ही ‘आहे’ आणि ‘वाटतं’ यांच्या मधल्या जागेत असते.

गोंधळ सुरू होतो तो दोन्हींना एकच वाचक शब्द चालतो तेव्हा. संस्कृतातला ‘इव’ तसा आहे. दंडी या जुन्या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्शा’त उत्प्रेक्षा दाखवणाऱ्या शब्दांची यादी दिली आहे: मन्ये, शङ्के, ध्रुवम्, प्रायः, नूनम्. आणि शेवटी तो म्हणतो की ‘इव’ हा शब्दही तसाच. म्हणजे उपमेचा हुकमी शब्द उत्प्रेक्षेतही येतो. याचं उदाहरण म्हणून गाजलेला श्लोक शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकात आहे:

लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः ।
असत्पुरुषसेवेव दृष्टिर्विफलतां गता ॥

अंधार जणू अंगाला लेप लावतोय, आकाशातून जणू काजळाचा पाऊस पडतोय, आणि दुर्जनाची चाकरी करावी तशी माझी नजर फुकट गेली आहे. श्लोकात ‘इव’ तीनदा आला आहे: लिम्पति इव, वर्षति इव, सेवा इव. यादी पाठ असलेला विद्यार्थी तिन्ही ठिकाणी उपमा लिहून मोकळा होईल, आणि तीनपैकी दोन चुकतील.

इथे दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: वाचक शब्द काढून त्याजागी ‘असं वाटतं’ घातलं तर वाक्य टिकतं का? ‘अंधार अंगाला लेप लावतोय असं वाटतं’ हे टिकतं. ‘आकाश काजळ बरसतंय असं वाटतं’ हेही टिकतं. पण ‘माझी नजर दुर्जनाची चाकरी आहे असं वाटतं’? या वाक्याला काही अर्थच नाही. दुसरा प्रश्न उलट बाजूने: ‘च्यासारखं’ लावून पाहिलं तर? ‘दुर्जनाच्या चाकरीसारखी नजर वाया गेली’ सरळ बसतं. ‘अंधार लेप लावण्यासारखा आहे’ म्हटलं की वाक्य अडखळतं, कारण लेप लावणारा दुसरा कुणी तिथे नाहीच, ज्याच्याशी अंधाराची तुलना व्हावी. तेव्हा पहिल्या ओळीत दोन उत्प्रेक्षा, दुसरीत एक उपमा.

दंडीने या श्लोकावर चांगलाच वाद घातला आहे. ‘इव’ ऐकून काहींना इथे उपमेचा भास होतो, असं तो म्हणतो, आणि त्यावर व्याकरणाचा आधार देतो: क्रियापद हे उपमान होऊ शकत नाही. ‘लिम्पति’ म्हणजे ‘लेप लावतो’. हे क्रियापद आहे, वस्तू नाही. मग अंधाराची तुलना करायची कुणाशी?

जाणता वाचक इथे हरकत घेईल. ज्ञानेश्वरीच्या ओवीतलं ‘वेंचिती’ हेही क्रियापदच आहे की! मग तिथे उपमा कशी? हरकत रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातून फरक आणखी स्वच्छ होतो. ओवीत तुलना नुसत्या क्रियेशी नाही. अमृतकण वेचणारी पिल्लं वेगळी, कथा ऐकणारे श्रोते वेगळे, अशी दोन पूर्ण चित्रं समोरासमोर आहेत. चकोर चांदणं पितो हे कवींच्या जगात आधीपासून ठरलेलं, सिद्ध आहे. अंधाराच्या लेपाचं तसं नाही. पसरणं हे अंधाराचं खरं काम, आणि त्याच पसरण्यावर कवीने आत्ता, या क्षणी ‘लेप’ ही कल्पना चढवली. दुसरं चित्र कुठे नाहीच. म्हणून ‘जणू’ किंवा ‘इव’ला लागून क्रिया दिसली तर उत्प्रेक्षेची दाट शक्यता धरावी, पण निकाल देण्याआधी एवढं पाहावं की उपमान आधीपासून वेगळं उभं आहे, की कवीने ते जागच्या जागी कल्पिलं आहे.

आणि या तीन ‘इव’नी काय साधलं? नाटकात हा श्लोक विटाच्या तोंडी आहे. राजाचा मेहुणा शकार, त्याचा सोबती विट आणि नोकर चेट हे गणिका वसंतसेनेच्या मागे लागलेत आणि ती अंधारात दिसेनाशी झाली आहे. उत्प्रेक्षांनी अंधाराला हात दिले. तो नुसता डोळ्यांपुढे उरला नाही, कातडीला चिकटला, वरून बरसला. आपल्याला काळोख स्पर्शाने कळतो. मग दुसऱ्या ओळीत उपमा येते आणि सूरच बदलतो. ‘दिसत नाही’ एवढंच सांगायचं तर कितीतरी उपमानं होती. विटाला आठवली ती दुर्जनाची चाकरी! हा विट स्वतः कोण? मूर्ख, मस्तवाल शकाराच्या पदरी असलेला जाणता माणूस. नजरेबद्दल बोलता बोलता तो आपल्या आयुष्याबद्दल बोलून जातो. उत्प्रेक्षेने बाहेरचा अंधार गडद केला, उपमेने आतला दाखवला. दोन्हीकडे नुसतं ‘उपमा’ असं लिहून पुढे गेलं तर हा फरक हातचा जातो.

आता श्लेष. वरच्या तिसऱ्या वाक्याकडे परत येऊ: ‘निरोप घेताना मित्र देवीच्या चरणी कर ठेवतो.’ ‘मित्र’ म्हणजे दोस्त आणि सूर्यही. ‘कर’ म्हणजे हात आणि किरणही. एक वाचन असं: गावी परत निघालेला स्नेही देवीच्या पायांवर हात ठेवतो. दुसरं असं: मावळणारा सूर्य तिच्या पायांवर किरण टाकतो. दोन्ही वाक्यं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण लागतात. ‘मित्र’ऐवजी ‘रवी’ लिहिलं असतं तर? ‘रवी चरणी कर ठेवतो.’ आता ‘हात’ हा अर्थ लागतो खरा, पण तो सूर्याला माणूस मानल्यावरच. वाक्य सूर्याचंच राहतं, दुसरा माणूस त्यात उभा राहत नाही. श्लेष नुसता ‘कर’ या एका शब्दापुरता उरतो आणि लंगडतो. चांगल्या श्लेषात दुसरा अर्थ सगळ्या वाक्यभर चालतो.

ओळखायची रीत सोपी आहे. संशयित शब्दाजागी समानार्थी शब्द घालून पाहायचा. ‘कर’ काढून ‘किरण’ घातला की माणूस गेला. ‘हात’ घातला की सूर्य गेला. शब्द बदलताच अर्थ मरतो, म्हणून हा शब्दाचा अलंकार. उपमेचं असं होत नाही. ‘वारकऱ्यासारखा सूर्य’ बदलून ‘भास्कर वारकऱ्याप्रमाणे’ केलं तरी उपमा तशीच राहते. मात्र कोशात दोन अर्थ सापडले म्हणजे श्लेष झाला असं नाही. ‘त्याने महापालिकेचा कर भरला’ या वाक्यात ‘कर’चे हात आणि किरण हे अर्थ आणायला जागाच नाही. दोन्ही अर्थ कवीला हवे आहेत की नाही, हे त्या कवितेतला प्रसंग ठरवतो.

प्रसंग ठरवतो म्हणजे काय, ते नल-दमयंतीच्या या आर्येत दिसतं. शाळेत ही बहुतेकांना भेटलेली असते:

ती शीतलोपचारी जागी झाली हळूच मग बोले ।
औषध नलगे मजला परिसुनि माता बरे म्हणुनि डोले ॥

नलाच्या विरहाने दमयंती मूर्च्छित पडली आहे. गार उपचारांनी ती शुद्धीवर येते आणि हळूच म्हणते, ‘औषध नलगे मजला’. आईने ऐकलं ‘औषध न लगे मजला’, म्हणजे मला औषध नको. मुलीला बरं वाटतंय असं समजून ती ‘बरं’ म्हणत मान डोलावते. मुलगी म्हणत होती, ‘औषध नल गे मजला’, म्हणजे अगं, माझं औषध नल आहे. शब्द वेगळ्या जागी तोडल्यावर दुसरा अर्थ निघतो, म्हणून हा सभंग श्लेष. ‘कर’, ‘मित्र’ हे शब्द न तोडता दोन अर्थ देतात, तो अभंग श्लेष.

इथे वृत्तही कवीच्या बाजूने आहे. मराठी आर्येत ओळीचा पहिला भाग बारा मात्रांचा आणि दुसरा अठरा मात्रांचा. ‘औषध नलगे मजला’ मोजून पाहा: औ दोन, ष एक, ध एक, न एक, ल एक, गे दोन, म एक, ज एक, ला दोन. झाल्या बारा. ‘न लगे’ म्हणा की ‘नल गे’ म्हणा, मात्रा त्याच, क्रमही तोच. त्यामुळे कानाला कोणताच अर्थ जास्त खरा वाटत नाही. म्हणताना ‘नल’नंतर किंचित थांबलं की गुपित फुटतं, म्हणून हा भाग एका दमात म्हणायचा असतो. पुढचा ‘बरे’ हा शब्दही साधा नाही. आईच्या मनात तो मुलीच्या प्रकृतीबद्दल आहे, पण वाचकाला तो नलाला मिळालेल्या होकारासारखा ऐकू येतो. श्लेषाने इथे एका वाक्यात दोन माणसं बोलती केली, आणि लाजणाऱ्या मुलीला आईसमोर मन उघड करूनही झाकून ठेवता आलं. ते काम उपमेने झालं नसतं.

श्लेषाच्या उदाहरणांत ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी’ ही ओळ नेहमी दिली जाते. ओळ गोडच आहे, पण काटेकोर पाहिलं तर तिथे ‘नवरी’ हे ध्वनी दोनदा आलेत आणि प्रत्येक वेळी एकच अर्थ आहे: एकदा वधू, एकदा ‘वरत नाही’. तेच ध्वनी पुन्हा येऊन अर्थ बदलला की जुने शास्त्रकार त्याला यमक म्हणतात. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देतो. परीक्षेचं पुस्तक श्लेष म्हणत असेल तर उत्तरपत्रिकेत तेच लिहावं, पण कविता वाचताना हा फरक मनात असावा.

जुन्या कवितेत हे अलंकार नेहमी सुटे येत नाहीत. अलंकारशास्त्रात वारंवार येणारी एक ओळ आहे: ‘सकलकलं पुरमेतज्जातं सम्प्रति सुधांशुबिम्बमिव’. हे नगर आता चंद्रबिंबासारखं ‘सकलकल’ झालं आहे. नगराच्या बाजूने तोडायचं ‘स-कलकल’, म्हणजे गजबजाटाने भरलेलं. संध्याकाळचा महाद्वार रोड डोळ्यांपुढे आणा. चंद्राच्या बाजूने ‘सकल-कल’, म्हणजे सगळ्या कला असलेला, पौर्णिमेचा. नगर आणि चंद्र यांच्यात दिसण्यातलं साम्य काहीच नाही. सारखा आहे तो फक्त शब्द. मग हा श्लेष की उपमा? ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाने इथे उपमेला प्राधान्य दिलं. वाक्य सांगतंय ते साम्य, आणि श्लेष त्या साम्याला आधार पुरवतोय. असं वाक्य समोर आलं तर दोन्ही नावं लिहावीत आणि कोण कुणाच्या मदतीला आलंय तेही सांगावं. उपमेचे चार भाग मांडताना साधारण धर्माच्या जागी श्लेषाचा शब्द येऊन बसला, की ही जोडी ओळखता येते.

कोल्हापूर भागातल्याच एका कवीने श्लेष थेट ग्रंथाच्या नावात ठेवला. मोरोपंतांचा जन्म 1729 मध्ये पन्हाळ्यावर झाला. पुढे ते बारामतीला राहिले. देवाला आळवणारं त्यांचं पृथ्वी वृत्तातलं काव्य म्हणजे ‘केकावली’. केका म्हणजे मोराची हाक, आवली म्हणजे ओळ. मोराच्या हाकांची ही ओळ, आणि मोर म्हणजे मोरोपंत, जे कवितेत स्वतःला ‘मयूर’ म्हणवतात. म्हणून हाक पक्ष्याचीही आणि भक्ताचीही. इथेही शब्द बदलून पाहा. ‘प्रार्थनावली’ म्हटलं की भक्त राहतो, पक्षी उडून जातो. ‘केका’ म्हटलं की मोर येतो, आणि मोर ओरडतो तो मेघासाठी, म्हणून ज्याला हाक मारायची तो देवही सावळा मेघ होऊन वर दाटून येतो. त्या मेघाचं नाव शीर्षकात कुठेच नाही.